कवीचा शब्द आणि कोशकाराच्या चिठ्ठ्या

प्रश्न : मी मराठीत एम.ए. करते आहे आणि कविता लिहिते. एका शब्दकोशाच्या संपादन साहाय्यक पदासाठी चाचणी आहे. नवा घडवलेला शब्द कोशात घ्यावा का, यावर कोशकार आणि कवी यांचा लेखी संवाद लिहायचा आहे. माझा कवी छान बोलतो, कोशकार मात्र रुक्ष वाटतो. परीक्षक नेमकं काय पाहतील?

उत्तर : परीक्षक आधी कोशकाराची वाक्यं वाचतील, कारण पद त्याच्या हाताखालचं आहे. तो रुक्ष होतो तो बहुधा 'हे नियमात बसत नाही' असं म्हणत राहिल्यामुळे. शब्द सुंदर आहे की नाही, हा कोशकाराचा प्रश्नच नसतो. तो शब्द कुणी, कुठे, कधी आणि कोणत्या अर्थानं वापरला, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून संवादाला एकच शब्द द्या आणि त्याच्या चिठ्ठ्या, म्हणजे तो शब्द जिथे जिथे आला ती वाक्यं टिपलेले कागद, टेबलावर मांडा. समजा, शब्द आहे 'मूकहजेरी' : गटातले संदेश वाचायचे, पण बोलायचं काही नाही. (शब्द आणि चिठ्ठ्या दोन्ही कल्पित.)

कवी : सात चिठ्ठ्या आहेत म्हणता, मग अडलं कुठे?

कोशकार : दोन तुमच्याच कवितांतल्या. दोन परीक्षणांतल्या, तिथे 'कवी ज्याला मूकहजेरी म्हणतो' असं लिहिलंय. हा शब्दाचा उल्लेख झाला, वापर नव्हे. एक लेख दोन ठिकाणी छापलाय, म्हणून त्या दोन चिठ्ठ्यांची एकच धरायची. स्वतंत्र वापर उरले दोन.

कवी : दोन तर आहेत!

कोशकार : त्यातला एक शोकसभेबद्दल आहे. तिथे अर्थ 'काही न बोलता हजर राहणं' इतकाच. तो 'मूक' आणि 'हजेरी' या दोन नोंदींवरून वाचकाला कळतो, त्यासाठी तिसरी नोंद कशाला? तुमचा खास अर्थ आहे तो दुसऱ्यात, आणि तो एकटा आहे.

इथे कवीला गप्प बसवू नका. त्याच्याकडे खरा मुद्दा आहे. जेम्स जॉइसनं 1939 साली कादंबरीत लिहिलेला 'क्वार्क' हा शब्द 1964 मध्ये मरे गेल-मान यांनी मूलकणासाठी घेतला आणि भौतिकशास्त्रात तो रुळला. कवीनं हे पुढे करावं. मग कोशकार सहज म्हणेल, 'पण कोशात गेला तो भौतिकशास्त्रज्ञांच्या अर्थानं.' कवीची मालकी सुटली, तेव्हा शब्दाला स्वतःचं आयुष्य मिळालं, हा संवादातला सर्वांत रसाळ वळणबिंदू ठरेल. तो घाईत उरकू नका.

यानंतर कवीला एक चांगली शंका विचारू द्या : 'तुम्ही नीट शोधलंत तरी का?' नवशिके इथेच घसरतात. ते फक्त 'मूकहजेरी' शोधतात. 'मूक हजेरी' असं तोडून लिहिलेलं किंवा 'मुक' असं ऱ्हस्व लिहिलेलं त्यांना सापडत नाही. अनेकवचन 'मूकहजेऱ्या' तर हमखास निसटतं, कारण त्यात 'हजेरी' ही अक्षरं सलग येतच नाहीत. उलट तोडून शोधलं की 'मूक हजेरीपट' असलं भलतंच काही हाती लागतं, म्हणून प्रत्येक सापडलेलं वाक्य वाचावंच लागतं. कोशकारानं ही यादी काढून दाखवली, तर परीक्षकाला तुमचं काम तिथेच दिसेल.

व्याख्येच्या वेळी मात्र कवीला हरू द्या. तो सुचवेल, 'न बोलण्याचा आवाज'. कोशकार ती व्याख्या दुसऱ्या वाक्यात शब्दाच्या जागी बसवून पाहील : 'तिच्या न बोलण्याच्या आवाजाला कंटाळून त्यानं गट सोडला.' अर्थ पार बदलला! त्याची व्याख्या अशी असेल : '(स्त्री.) गटातील संदेश वाचूनही प्रतिसाद न देता सदस्य म्हणून टिकून राहणे.' तिच्यात नाद नाही, पण ती वाक्यात बसते. कवी असल्याचा तुम्हाला इथे फायदा आहे तसा तोटाही : अर्थाची छटा लवकर जाणवते, पण शब्दकोशाच्या व्याख्येत प्रतिमा घुसवायचा मोह सुटत नाही.

निकाल 'होय' किंवा 'नाही' असा देऊ नका. कोशकार चिठ्ठी निरीक्षण यादीत ठेवील, तारीख घालील आणि काय सापडलं तर ती पुन्हा उघडायची ते लिहील : कवीशी संबंध नसलेल्या, वेगवेगळ्या प्रकारच्या लेखनात, काही वर्षांच्या अंतरानं, गटाच्या अर्थानं आणि अवतरणचिन्हांशिवाय आलेले वापर. नेमका आकडा प्रत्येक कोशाचं धोरण ठरवतं. चाचणीपूर्वी त्या कोशाची प्रस्तावना वाचा. धोरण तिथे दिलेलं असलं, तर कोशकाराच्या तोंडी तेच घाला.