दारातल्या गर्दीचा दोष मुलीवर नको

«मुलगी बीएमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दादरच्या एका सभागृहात मोफत करिअर मेळावा होता. खुर्च्या 200, नोंदणी 240 जणांची, नोंदणी नसलेल्यांना प्रवेश नाही. ही दारावर स्वयंसेवक होती. दहाच्या कार्यक्रमाला पावणेदहापर्यंत नोंदणीवाले 120 आले होते. बाहेर नोंदणी नसलेले साठ जण थांबले होते, तिला दया आली आणि तिने सगळ्यांना आत घेतलं. मग साडेदहापर्यंत नोंदणीवाले आणखी 50 आले, त्यातल्या तिसांना उभं राहावं लागलं. आयोजकांनी सर्वांदेखत झापलं. घरी पाहुण्यांसमोर मीही बोललो. तिला इव्हेंट मॅनेजमेंटच करायचंय. जिला ‘नाही’ म्हणता येत नाही, तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात. समजवा तिला.» — एक वडील, मुलुंड

तुमच्या पत्रात मला खटकले ते पाहुणे. आयोजकांचं बोलणं ती चार दिवसांत विसरली असती, वडिलांचं विसरणार नाही. आधी तिची माफी मागा.

बँकेची परीक्षा पदवीनंतर देता येते, कुठल्याही शाखेची पदवी चालते. त्याची घाई आज नको.

‘नाही’ म्हणणं हा स्वभावाचा भाग आहे, हा तुमचा गैरसमज. दारावरच्या मुलीला साठ माणसांसमोर एकटीने निर्णय घ्यावा लागला, म्हणजे चूक आदल्या दिवशीच झाली होती. मोफत कार्यक्रमाला नोंदणी करून न येणारे बरेच असतात, म्हणून तर 200 खुर्च्यांवर 240 नावं घेतली. मग न आलेल्यांच्या खुर्च्यांचं काय करायचं, हेही तेव्हाच ठरायला हवं होतं. शिवाय लोकल रखडली की आपल्याकडे नोंदणीवालाही उशिरा येतो. पावणेदहाची रिकामी खुर्ची रिकामी नसतेच.

त्या दिवशी काय करता आलं असतं? मुख्य दारापासून लांब दुसरं टेबल लावायचं. तिथे नाव, फोन लिहून घेऊन क्रमांकाचं टोकन द्यायचं आणि स्पष्ट सांगायचं, ‘सव्वादहाला मोजणी होईल, जागा उरली तर क्रमाने बोलावू, नक्की सांगता येत नाही.’ समजा सव्वादहाला नोंदणीवाले 160 आत आहेत. उरलेल्या चाळीसातल्या पंधरा खुर्च्या उशिरा येणाऱ्यांसाठी राखायच्या आणि पहिली पंचवीस टोकनं आत घ्यायची. साडेदहापर्यंत आणखी दहा नोंदणीवाले आले, की उरलेल्या पाच जागा पुढच्या पाच टोकनांना. साठातले तीस बसले, नोंदणीवाला एकही उभा नाही. बाकी तिसांना तेव्हाच मोकळं करायचं, ताटकळत ठेवायचं नाही. वाटेत जादा खुर्च्या टाकायच्या नाहीत, आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट असते.

यात एक पथ्य कडक. ‘साहेबांनी पाठवलंय’ म्हणणाऱ्यालाही टोकनच. एकाला मागच्या दाराने घेतलं, की रांगेतले उरलेले ऐकत नाहीत, आणि तेव्हा त्यांचं बरोबर असतं. अपवाद करायचा अधिकार आयोजकांपैकी एकाकडे हवा, त्याचा फोन दारावर हवा. टेबलावरच्या मुलीकडे तो अधिकार द्यायचाच नाही.

हे शिकता येतं, आणि तुमच्या मुलीला लोकांची कणव आहे, ती या कामात लागते. तिला विचारा, त्या दिवशी रिकाम्या खुर्च्यांचा नियम दारावर कुणी सांगितला होता. माझा अंदाज, कुणीच नाही. पुढच्या कार्यक्रमाआधी तिने तो आयोजकांकडून लिहून घ्यावा, आणि मिळाला नाही तर दारावरची जबाबदारी घेऊ नये.