तासाला 300 रुपये पडतील का?

"सर, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात राहतो. संध्याकाळी फूड डिलिव्हरी करायचा विचार आहे. किलोमीटरला 12 रुपये मिळतात. गावात गाडी तासाला 25 किलोमीटर सहज जाते, म्हणजे तासाला 300 रुपये. पाच तास केले तर 1500. हिशेब बरोबर आहे ना?"

नाही रे बाळा. 12 रुपये मिळतात ते हॉटेलपासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतच्या अंतराचे. हॉटेलपर्यंत जाणं आणि परत येणं, हे तुझ्या पेट्रोलवर.

एक संध्याकाळ मांडून बघू. सहा ते अकरा, दहा ऑर्डरी. पैसे मिळणारं अंतर 36 किलोमीटर, म्हणजे 432 रुपये. पण राजारामपुरीतून आर. के. नगरला पार्सल दिलंस, की रिकाम्या हातानं परत यावं लागतं. त्यामुळे घरी येऊन मीटर बघशील तेव्हा गाडी 66 किलोमीटर पळालेली असेल. त्यात पावणेतीन तास जातात. हॉटेलच्या दारात ऑर्डरमागे नऊ मिनिटं धरली तरी दीड तास उभं राहण्यात गेला. उरलेला पाऊण तास जिने चढण्यात, पत्ता विचारण्यात आणि पुढच्या ऑर्डरची वाट बघण्यात.

तुझी गाडी 44 चं अ‍ॅव्हरेज देते आणि पेट्रोल 106 रुपये लिटर आहे असं धर. दीड लिटरचे 159 रुपये. ऑइल, टायर, ब्रेक यांना किलोमीटरमागे एक रुपया बाजूला काढ, ते 66. हातात राहिले 207, म्हणजे तासाला 41 रुपये. इन्सेन्टिव्ह मिळाला तर वरून धर, पण महिन्याचा खर्च त्याच्या भरवशावर बसवू नकोस.

थांबण्यात पेट्रोल जात नाही म्हणून ते फुकटचं वाटतं. खरा मार तिथंच बसतो, आणि जवळच्या ऑर्डरवर जास्त. दोन किलोमीटरची ऑर्डर, 24 रुपये. जाऊन येऊन गाडी चार किलोमीटर पळाली, त्याचा खर्च साडेतेरा-चौदा रुपये. हॉटेलवाल्यानं वीस मिनिटं ताटकळत ठेवलं, तर दहा रुपयांसाठी तुझा अर्धा तास गेला. कुठल्या हॉटेलात किती वेळ मोडतो, हे म्हणूनच लिहून ठेवायचं.

हे सगळे आकडे माझे अंदाज आहेत. तुझे आकडे काढायला आठ दिवस पुरेत. पहिल्या दिवशी टाकी फुल्ल कर आणि मीटर लिहून ठेव. आठव्या दिवशी पुन्हा फुल्ल कर. जितके लिटर मावतील तितकं पेट्रोल खर्च झालं, आणि पळालेल्या किलोमीटरना त्यानं भागलंस की खरं अ‍ॅव्हरेज निघतं. शोरूममध्ये सांगितलेलं धरू नकोस, सिग्नलला थांबत-थांबत गाडी तेवढं देत नाही. या आठ दिवसांत गाडी फक्त याच कामाला वापर. वेळ मात्र घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंतची मोज.

वही घेऊन ये, आपण दोघं बसून भागाकार करू. तोवर नवी गाडी हप्त्यावर घेऊ नकोस.