गच्चीवर घसरगुंडी घेताय? आधी कठडा मोजा

ताई, तुमची पोरगी अडीच वर्षांची आणि कठडा साडेतीन फूट म्हणताय ना, मग घसरगुंडीचा रंग बघण्याआधी तिचा वरचा ओटा किती उंच ते विचारा. 2 फुटांचा ओटा कठड्याला चिकटवून ठेवला की पोरीच्या पायापासून कठडा फक्त दीड फूट उरतो, म्हणजे तिच्या कमरेपर्यंतही धड नाही!! आमच्याकडे तेच झालं होतं, भाचा ओट्यावरून वाकून खाली गल्लीतली केळ्याची गाडी बघत होता, माझे तर हातपायच गार पडले. तेव्हापासून घसरगुंडी घराच्या भिंतीकडे, कठड्यापासून निदान 6 फूट लांब. बाल्कनीत एवढी जागा निघत नसेल तर चढायचं काहीच ठेवू नका, खुर्ची पण नको.

तीन वर्षांच्या आत 2 फुटांच्या वर ओटा घेऊच नका, कारण खाली फरशी आहे. चढायची जाळी तर मी गच्चीवर कुणालाच सांगत नाही, मोठ्या पोरांना पण नाही, ती खाली अंगणात वाळूवर.

झोका बाल्कनीत चालतो, पण बादलीसारखी सीट घ्या आणि तो कठड्याला समांतर हलला पाहिजे, कठड्याकडे नाही. हूक स्लॅबमध्ये पक्का हवा, पीओपीत नको, आणि आधी स्वतः लोंबकळून बघा.

आणि आपल्या जळगावच्या मे महिन्यात दुपारी प्लास्टिक पण चटका देतं, पोरीला बसवायच्या आधी हात लावून बघत जा.