हॉटेलच्या टीव्हीवर कास्ट करायचंय? लॉगिन लॅपटॉपवर उरका

प्रश्न: घरचं क्रोमकास्ट हॉटेलात नेलं, पण तिथल्या वाय-फायचं लॉगिन पेज त्यावर उघडतच नाही. मोबाईलवर लॉगिन केलं तरी कास्टचं चिन्ह दिसत नाही. काय करावं?

आधी टीव्हीच्या पडद्यावर किंवा टेबलावरच्या कार्डावर कास्टसाठी क्यूआर कोड दिलाय का, ते पाहा. असेल तर हॉटेलनेच कास्टची सोय केलेली आहे; कोड स्कॅन केलात की तुमचा मोबाईल त्या खोलीच्या टीव्हीशी जोडला जातो. तो नसेल, तर क्रोमकास्टवर लॉगिन करायचा नाद सोडा.

तुमच्यासमोर अडचणी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. पहिली लॉगिनची. खोली क्रमांक आणि आडनाव टाकलं की हॉटेलची यंत्रणा तुमच्या मोबाईलचा मॅक पत्ता, म्हणजे वाय-फायवरचा त्याचा ओळख क्रमांक, नोंदवून फक्त त्याला इंटरनेट देते. क्रोमकास्टचा पत्ता वेगळा आणि जुन्या क्रोमकास्टमध्ये ब्राउझरच नाही, म्हणून ते दारातच अडकतं. रिमोटवाल्या नव्या स्टिकवर कधी कधी ते पान उघडतं, पण तिथे दुसरी अडचण आडवी येते. शेजारच्या खोलीतल्या माणसाने तुमच्या मोबाईलमध्ये डोकावू नये म्हणून बरीच हॉटेलं एकाच वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडून ठेवतात. कास्टचं चिन्ह येण्यासाठी तर मोबाईलला क्रोमकास्ट दिसावंच लागतं. स्टिकवर इंटरनेट चालू आहे आणि तरी चिन्ह नाही, असं झालं की समजा हीच भानगड आहे. तिथे लॉगिन दहा वेळा करून उपयोग नाही.

दोन्हींवर उपाय एकच: मध्ये स्वतःचं छोटं वाय-फाय उभं करा.

मागच्या डिसेंबरात भाचीच्या लग्नाला नागपूरला होतो. वडिलांना रात्री मोठ्या पडद्यावर कीर्तन लावून हवं होतं आणि माझी अवस्था अगदी तुमच्यासारखी झाली होती. मी विंडोज लॅपटॉप हॉटेलच्या वाय-फायला जोडला. लॉगिन पेज आपोआप आलं नाही, म्हणून ब्राउझरमध्ये neverssl.com टाकलं. आपण नेहमी उघडतो त्या साइट https वर असतात. हॉटेलने त्या मधेच वळवायचा प्रयत्न केला तर ब्राउझर धोक्याची सूचना देऊन थांबतो. ही साइट साधी http आहे, त्यामुळे तिच्या जागी हॉटेलचं पान मुकाट्याने येतं. व्हीपीएन चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. मोबाईलवर हेच अडलं तर Private DNS ची सेटिंगही तेवढ्यापुरती बंद करा.

लॉगिन झाल्यावर Settings मध्ये Mobile hotspot चालू केलं आणि बँड 2.4 GHz ठेवला, कारण माझं क्रोमकास्ट जुनं आहे. आता खरी मेख: हॉटस्पॉटला घरच्या वाय-फायचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला, अगदी कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट. क्रोमकास्ट टीव्हीला लावल्यावर त्याला वाटलं आपण घरीच आहोत. नव्याने सेटअप काही करावा लागला नाही. मोबाईलही आपणहून त्याच नावाला जोडला गेला, आणि मिनिटभरात कास्टचं चिन्ह दिसलं. हॉटेलच्या लेखी तिथे एकच लॅपटॉप होता, त्यामुळे उपकरणांच्या मर्यादेतही आम्ही एकच मोजले गेलो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर हॉटस्पॉट बऱ्याचदा बंद करून ठेवलेला असतो, आणि ॲपलच्या मॅक लॅपटॉपला वाय-फायवरून घेतलेलं इंटरनेट पुन्हा वाय-फायनेच वाटता येत नाही. वारंवार प्रवास असेल तर खिशात मावणारा ट्रॅव्हल राउटर घ्या. तो WISP किंवा Repeater मोडवर हॉटेलच्या वाय-फायला जोडायचा, मोबाईल राउटरला जोडायचा आणि मोबाईलच्या ब्राउझरमधून एकदाच लॉगिन करायचं. घरच्या नावाची युक्ती इथेही चालते. मोबाईलचा डेटा वापरून हॉटस्पॉट द्यायचा असेल, तर हॉटस्पॉट एका फोनवर आणि कास्ट दुसऱ्यावरून करा. ज्या फोनवर हॉटस्पॉट चालू आहे त्याच्यावरूनच कास्ट करणं भरवशाचं नाही.

एवढं करूनही टीव्हीच साथ देईना असं होतं. हॉटेलं टीव्हीचं इनपुट बदलणं कुलूपबंद करतात, रिमोटवर ते बटणच नसतं. टीव्हीच्या कडेला किंवा खाली हात फिरवून बटण सापडतं का बघा. नाही सापडलं तर सरळ रिसेप्शनला फोन करून "एचडीएमआय चालू करून द्या" म्हणा. नागपूरला एक मुलगा दुसरा रिमोट घेऊन आला आणि दोन मिनिटांत काम झालं.

आणि क्रोमकास्टला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. तिथून पुरेशी मिळाली नाही तर ते सारखं बंद-चालू होतं आणि आपण उगाच वाय-फायला दोष देत बसतो. त्याचा स्वतःचा ॲडाप्टर न्या, सोबत एक एक्स्टेंशन बोर्डही, कारण टीव्हीमागचा प्लग बहुधा सेट-टॉप बॉक्सने अडवलेला असतो.