घरात ठरलं ते कंपनीत कधी झालं?

आधीच्या एका लेखात कौटुंबिक परिषदेचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकाच वहीची गोष्ट आहे. घरची बैठक झाली, एकानं लिहून घेतलं, सगळ्यांनी सह्या केल्या आणि वही कपाटात गेली. पुढं काय करायचं, याबद्दलचा गोंधळही सगळीकडे तोच. म्हणून आज उत्तरं एकत्र देते आहे. ती कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या खासगी कंपन्यांपुरती आहेत. भागीदारी पेढीचं गणित वेगळं असतं.

कौटुंबिक परिषदेचं इतिवृत्त लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे का?

नाही. बोर्डाच्या आणि भागधारकांच्या सभेचं मात्र आहे, आणि ते सभा संपल्यापासून ३० दिवसांत मिनिट बुकात उतरलंच पाहिजे.

आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच वही आहे. घरचे आणि कंपनीचे निर्णय घेणारी माणसं तीच पाच. दोन वह्या करून काय मिळणार?

माणसं तीच असली तरी खुर्च्या वेगळ्या आहेत. घरच्या बैठकीत तुम्ही भाऊ, काका, मुलगी म्हणून बसता. बोर्डात संचालक म्हणून बसता आणि तिथं कंपनीचं हित पाहायला कायद्यानं बांधलेले असता. विषय कोणत्या वहीत जायचा हे ठरवायला दोन प्रश्न पुरतात. कंपनीच्या खात्यातून पैसा जाणार आहे का? कंपनीच्या नावानं कुणी सही करणार आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर निर्णय बोर्डाचा किंवा भागधारकांचा. घरच्या वहीत फक्त ‘कुटुंबाची याला हरकत नाही’ एवढंच लिहायचं.

माझ्यासमोर आलेल्या एका वहीत एकाच पानावर तीन ओळी होत्या: गणपतीचा खर्च यंदा धाकट्यांकडे, नवी सीएनसी मशीन घ्यायची, पुतण्याच्या लग्नासाठी कंपनीतून १२ लाख. पहिली ओळ घरची. दुसरी बोर्डाची. तिसरी दोन्हीकडे चुकीची, कारण संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कंपनीनं कर्ज देण्यावर कलम १८५ची बंदी आहे. काही खासगी कंपन्यांना अटींवर सूट मिळते, पण तुम्ही त्यात बसता का, हे कंपनी सेक्रेटरीला ताळेबंद दाखवून आधी विचारा. आणि घरच्या वहीतलं पान कापून मिनिट बुकात चिकटवू नका. नियमात चिकटवण्याला स्पष्ट मनाई आहे, तरीही दर वर्षी एखादं तरी डिंकाचं पान मला भेटतंच.

सुनेला कंपनीत घेतलं आहे. तिचा पगार परिषदेत ठरवला तर चालेल का?

नाही, बोर्डात ठरवा. सून कायद्यानं ‘नातेवाईक’ आहे. पगार महिन्याला अडीच लाखांच्या वर जाणार असेल तर भागधारकांचा ठरावही लागू शकतो, तेव्हा आधी विचारून घ्या.

तीन वर्षांपूर्वी पाडव्याला परिषद झाली. वडिलांनंतर मोठा मुलगा एमडी होईल आणि शेअर घराबाहेर जाणार नाहीत, असं ठरलं. सगळ्यांच्या सह्या आहेत. आता आणखी काही करायचं राहिलं आहे का?

जवळजवळ सगळंच राहिलं आहे. या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर देते, कारण याच एका समजुतीपायी चांगली चालणारी घरं अडकलेली मी पाहिली आहेत.

कोल्हापूरच्या बाजूची एक फाउंड्री. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. दोघे भाऊ, तेच दोघे संचालक. एकूण १०,००० शेअर, दोघांकडे निम्मे निम्मे. परिषदेत एकमतानं ठरलं की थोरल्यांचा मुलगा दोन वर्षांनी एमडी होईल, धाकट्यांची मुलगी अर्थव्यवहार पाहील आणि शेअर बाहेर विकायचे नाहीत. वहीत सुवाच्य अक्षरात ‘सर्वानुमते ठरले’. त्या ओळीपुढं तारीख नव्हती, जबाबदार माणसाचं नाव नव्हतं, पुढचा कागद कोणता तेही नव्हतं. दर बैठकीत ‘ऑडिट संपू दे’, ‘दिवाळीनंतर बघू’ होत गेलं. आणि थोरले अचानक गेले.

मृत्युपत्र नव्हतं. त्यांचे ५,००० शेअर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं पत्नी, मुलगा आणि दोन मुली यांच्यात सारखे वाटले गेले, प्रत्येकी १,२५०. म्हणजे ज्याला कारखाना सोपवायचा ठरला होता त्याच्या हातात कंपनीचा आठवा हिस्सा आला. तो रोज सकाळी सातला भट्टीवर उभा असायचा, पण कागदोपत्री संचालकसुद्धा नव्हता. बोर्डात एकटे काका उरले. दोन संचालकांशिवाय गणपूर्ती होत नाही. उरलेल्या एकट्या संचालकाला दोनच गोष्टी करता येतात, गणपूर्तीपुरते नवे संचालक घेणं किंवा भागधारकांची सभा बोलावणं. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी बँकेनं बोर्डाचा ठराव मागितला, तेव्हा घरच्यांनी सह्यांची वही पुढं केली. व्यवस्थापकानं ती आदरानं परत दिली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

शेअर बाहेर न विकण्याचं कलमही असंच लटकलं. एका मुलीला पैशांची गरज होती आणि बाहेरचा गिऱ्हाईक तयार होता. आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत, छापील मोघम निर्बंध होता. भावंडांना पहिला हक्क, किंमत कुणी काढायची, किती दिवसांत घ्यायचे, यातलं काहीच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या निवाड्यात हा मुद्दा फार पूर्वीच निकाली काढला आहे. तिथंही एका कुटुंबाच्या दोन शाखांनी शेअर आपापल्या शाखेतच ठेवायचे असं आपसांत ठरवलं होतं. आर्टिकल्समध्ये नसलेला तो निर्बंध कंपनीवरही बंधनकारक नाही आणि भागधारकांवरही नाही, असं न्यायालयानं म्हटलं. नंतरच्या निकालांत या तत्त्वावर बराच खल झाला आहे. पण तुमच्या घराचं भवितव्य वकिलांच्या युक्तिवादावर ठेवू नका, निर्बंध आर्टिकल्समध्ये घाला.

तीच ओळ इतिवृत्तात कशी असायला हवी होती, ते लिहून दाखवते.

“विषय ४. थोरल्यांच्या चिरंजीवांना पुढे व्यवस्थापकीय संचालक करण्यास उपस्थित सर्व सदस्यांची संमती. ही कुटुंबाची संमती आहे, कंपनीचा निर्णय नाही. पायरी १: ३० जूनपर्यंत बोर्डात अतिरिक्त संचालक म्हणून नेमणूक, जबाबदारी धाकटे बंधू. पायरी २: येत्या वार्षिक सभेत भागधारकांकडून नियमित नेमणूक. पायरी ३: पुढील वर्षी ३१ मार्चपर्यंत बोर्डात व्यवस्थापकीय संचालकपदाचा ठराव आणि बँकेच्या सह्यांत बदल. पूर्ण झाल्याचा कागद पाहूनच परिषद हा विषय बंद करील.”

अतिरिक्त संचालकाची मुदत पुढच्या वार्षिक सभेपर्यंतच असते, म्हणून दुसरी पायरी गाळली तर पहिली वाया जाते. नेमणुकीचा डीआयआर-१२ अर्ज ३० दिवसांत भरायचा. एमडीची नेमणूक एका वेळी ५ वर्षांहून जास्त करता येत नाही, त्यामुळे वहीत ‘कायम’ हा शब्द नको.

शेअर कुणाकडे जाणार, ही ओळ वेगळी आणि तिचा कागदही वेगळा. थोरल्यांनी हयातीत बक्षीस द्यायचे किंवा दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करायचं. परिषदेच्या वहीवर त्यांची सही आहे म्हणून ती वही मृत्युपत्र होत नाही. आर्टिकल्स बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट. भाऊबंदकी सुरू झाल्यावर ती जमत नाहीत, गोडीत आहात तोवरच जमतात.

आणखी एक ओळ बहुतेक सगळेच विसरतात, ती म्हणजे थोरल्यांची बँकेतली वैयक्तिक हमी. पद मुलाकडे गेलं तरी हमी आपोआप सुटत नाही. बँकेचं हमीमुक्तीचं पत्र हातात येईपर्यंत तो विषय इतिवृत्तात उघडाच ठेवा.

तुमची वही, आर्टिकल्स आणि भागधारकांची यादी घेऊन याच महिन्यात कंपनी सेक्रेटरी आणि वकील दोघांकडे जा. लहान कंपनी म्हणून सूट नसेल तर शेअर डीमॅट झाल्याशिवाय हस्तांतर होणार नाही, तेही तेव्हाच तपासून घ्या.

वडिलांनी शेअरला नॉमिनी म्हणून माझं नाव लावलं आहे. मग मृत्युपत्राची गरज नाही, असं आमचे एक परिचित सांगतात. खरं ना?

खोटं. नॉमिनेशनमुळं शेअर मालकीनं तुमचे होत नाहीत. ते वारसाहक्क कायद्यानं किंवा मृत्युपत्रानं ज्याचे त्याचेच राहतात, हे सर्वोच्च न्यायालयानं शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. परिचितांना विचारू नका, मृत्युपत्र करणाऱ्या वकिलाला विचारा.

एक सल्लागार चार लाखांत तयार ‘फॅमिली कॉन्स्टिट्यूशन’ देतात. चामडी बांधणी, ६० पानं, वर कौटुंबिक बोधचिन्ह. त्यात वारसाचा विषय संपतो म्हणतात. घ्यावं का?

त्यांना एकच विचारा: यातलं कोणतं कलम आमच्या आर्टिकल्समध्ये जाणार आणि तो ठराव कोण तयार करून देणार? उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका. असे मसुदे मी वाचले आहेत. एकात कुटुंबाचं आडनावच दुसऱ्याचं राहून गेलं होतं. मूल्यांवरची २० पानं कुणाला नको असतात असं नाही, पण तुमच्या घरात कुणाकडे किती शेअर आहेत हे न पाहता वारसाचं कलम लिहिताच येत नाही. मसुदा कुणाचाही असो, सही करण्याआधी तुमच्या वकिलानं वाचलेला असावा.

बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला आहे. तिला व्यवसायात रस नाही. ‘मला काही नको’ असं तिनं इतिवृत्तात लिहून दिलं तर पुरे ना?

पुरणार नाही. वडील हयात असताना त्यांच्या स्वतःच्या शेअरवर तिचा हक्क अजून निर्माणच झालेला नाही. जो हक्क नाही तो सोडल्याच्या वाक्याला कायद्यात साधारणपणे किंमत नसते. वडिलांची इच्छा असेल तर त्यांनी मृत्युपत्रात ती लिहावी. आणि बहिणीला बैठकीला बोलवा. व्हिडिओवर आली तरी चालेल, तसं नोंदवा. ती आली नाही तर ‘अनुपस्थित’ लिहा, ‘सर्वानुमते’ लिहू नका. कारखान्याची जमीन कुणा व्यक्तीच्या नावावर असेल, तर त्या वाटणीचा मजकूर या वहीत वकिलाला दाखवल्याशिवाय उतरवू नका. आधी तोंडी झालेल्या वाटणीची केवळ आठवण म्हणून लिहिलेला कागद आणि वाटणी करणारा कागद यांत फरक आहे. दुसऱ्याला नोंदणी लागते.

काकांना वारसाची योजना मान्य नाही. ते बैठकीला येतात, बोलतात, पण सही करत नाहीत. इतिवृत्त अर्धवट राहतं. काय लिहू?

जे झालं तेच लिहा: काका हजर होते, त्यांनी अमुक हरकत घेतली, सही केली नाही. हरकत त्यांच्याच शब्दांत एका वाक्यात घ्या आणि मसुदा सात दिवसांत त्यांना पाठवून पोच ठेवा. जो विषय मान्य झाला नाही त्यापुढं ‘प्रलंबित’ आणि पुढच्या बैठकीची तारीख घाला. काकांकडे शेअर असतील तर किती आहेत ते आधी मोजा. एक चतुर्थांशाहून जास्त असतील तर त्यांच्या विरोधी मतानंतर आर्टिकल्सचा विशेष ठराव होणारच नाही. मग काकांशी बोलायला वकिलाच्या आधी घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस पाठवा.