कंपोझिट बीम: प्रभावी रुंदी आणि स्टडची संख्या

प्रश्न: बडोद्यात मेझनाईनसाठी ISMB 400 वर 120 मिमी सपाट स्लॅब (M25) आहे. गाळा 8 मीटर, बीममधलं अंतर 3 मीटर. रुंदी 3 मीटर घेऊ का, आणि 19 मिमीचे स्टड किती?

उत्तर: नाही, 2 मीटरच घ्या. साध्या आधारावरच्या मधल्या बीमला प्रभावी रुंदी गाळ्याच्या चौथ्या भागाइतकी, पण बीममधल्या अंतरापेक्षा जास्त नाही. इथे 8/4 = 2 मीटर. बीमपासून दूरचं काँक्रीट दाब तितका घेत नाही, म्हणून ही मर्यादा.

आता दोन बळं काढा:

```
काँक्रीट: 0.36×25×2000×120 = 2160 kN
पोलाद: 7846×250/1.10 = 1783 kN
```

लहान ते 1783. स्लॅब आणि बीमला जोडणाऱ्या स्टडमधून एवढंच बळ जायचं आहे.

100 मिमी उंच स्टडची ताकद इथे काँक्रीट चिरडण्यावरून ठरते, सुमारे 59 kN. 1783/59 म्हणजे 31 स्टड, पण फक्त आधार ते मध्य एवढ्या अर्ध्या गाळ्यात. बहुतेकांची चूक इथेच होते, 31 पूर्ण बीमवर वाटून मोकळे होतात! अर्ध्यात 32 धरा, म्हणजे एका ओळीत 125 मिमीवर एक, एकूण 64.

स्लॅबखाली घडीचा पत्रा टाकणार असाल तर हा आकडा विसरा, पन्हाळीत स्टडची ताकद घटते. आणि वेल्डिंगनंतर काही स्टड हातोड्याने 15 अंश वाकवून बघा. मुळाशी तडा दिसला तर ते वेल्ड बाद.