श्लेषाच्या ओळीत शब्द नाही, विनोद उतरवा

तुमच्या अनुवादाच्या मसुद्यातली श्लेषाची ती ओळ बघा. इंग्रजीत एकजण म्हणतो, मी बँकेत होतो, पण माझा ‘इंटरेस्ट’ गेला. व्याजही आणि रसही. तुम्ही लिहिलंत, ‘मी बँकेत होतो, पण माझा रस गेला.’ अर्थ बरोबर आहे, पण हसू कुठे आहे? मराठीत रसाचा व्याजाशी काही संबंधच नाही.

आधी मूळ ओळीतलं काय हलवता येणार नाही ते ठरवा. पुढच्या प्रसंगात तो बँकेतलाच माणूस लागणार असेल, तर बँक ठेवा आणि श्लेष दुसऱ्या शब्दावर न्या. व्याज, खातं, ठेव, मुद्दल असे त्या धंद्यातले शब्द लिहून काढा आणि बोलण्यात दुहेरी चालणारा शोधा. मला सापडलं: ‘बँकेत होतो, पण मुद्दलातच गोडी नव्हती.’

नुसता सुटा विनोद असेल, तर धंदाच बदला: ‘ज्यूसचं दुकान होतं, पण रस उरला नाही.’ इथे ‘रसाचं दुकान’ लिहिलंत तर गंमत आधीच फुटते. ओळ मूळ न वाचलेल्या कुणाला तरी ऐकवा. त्याने ‘म्हणजे?’ विचारलं, तर पुन्हा बसा. तळटीप मात्र नको, विनोदी संवादात तर नाहीच.